एकच रेषा, दोन समीकरणं आणि घरातलं भांडण (बारावी गणित)

मंजिरी_क
मंडळी, कालपासून घरात लेकीशी अबोला आहे आणि कारण गणित आहे. ती बारावीला. क्लासच्या सराव पेपरात प्रश्न होता: x − y + z = 3 आणि 2x + y + 3z = 6 ही दोन प्रतलं ज्या रेषेत छेदतात, तिचं सदिश समीकरण लिहा.

लेकीचं उत्तर: r = (3, 0, 0) + λ(−4, −1, 3)
क्लासची उत्तरसूची: r = (7, 1, −3) + λ(4, 1, −3)

ती म्हणते, "आई, दोन्ही एकच आहेत." मी म्हटलं, असं कसं, तपासून बघू. पंचवीस वर्षांपूर्वीचा डिप्लोमा आहे माझा, अगदीच कोरी पाटी नाही. दोन्ही समीकरणं एकमेकांसमोर मांडली:
3 − 4λ = 7 + 4λ
−λ = 1 + λ
3λ = −3 − 3λ
तिन्हीतून λ = −1/2. म्हणजे दोन्ही रेषा फक्त (5, 1/2, −3/2) या एका बिंदूत भेटतात. एकच रेषा असती तर सगळे बिंदू जुळायला हवे होते ना? लेक म्हणते, "तुझी पद्धत चुकली." कुठे चुकली ते मात्र तिला सांगता येत नाही. सांगा बरं कोणाचं बरोबर.

रिकामटेकडा
पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय. लेकीच्या बाजूने.

चकोट
ताई, रागावू नका, पण लेक जिंकली. (7, 1, −3) हा बिंदू दोन्ही प्रतलांत टाकून बघा. 7 − 1 − 3 = 3 आणि 14 + 1 − 9 = 6. दोन्हीकडे बसतो. दिशेची फक्त चिन्हं उलटी आहेत. तीच रेषा.

मंजिरी_क
@चकोट, तेवढं मलाही दिसतंय हो. पण मग माझी तीन समीकरणं खोटं बोलतात का? गणितात दोन बरोबर गोष्टींतून चूक निघते कशी, हे कळल्याशिवाय मी माघार घेणार नाही.

खडू_आणि_डस्टर
मंजिरीताईंचा प्रश्न चांगला आहे. चौतीस वर्षं शिकवलं, ही चूक दरवर्षी वर्गात व्हायची आणि करणारी मुलं हुशारच असायची.

λ म्हणजे रेषेवरचा पत्ता नव्हे, चालणाऱ्याच्या हातातलं घड्याळ समजा. तुमची मुलगी λ = 0 ला (3, 0, 0) वर आहे आणि (−4, −1, 3) या दिशेने चालते आहे. क्लासवाले त्याच क्षणी (7, 1, −3) वर आहेत आणि नेमके उलट्या दिशेने चालताहेत. तुम्ही दोघांच्या घड्याळात एकच वेळ धरलीत. त्यामुळे तुम्ही शोधलं काय, तर "हे दोघे एकाच क्षणी एकाच जागी कधी असतात?" एकाच रस्त्यावर उलट दिशांनी चालणारी दोन माणसं एकदाच भेटतात, हे दोघे λ = 0 च्या आधीच भेटून गेले. म्हणून λ = −1/2 आलं आणि ते बरोबरच आहे! पण त्यावरून "रस्ते वेगळे आहेत" असं म्हणता येत नाही.

रस्ते एक आहेत का हे बघायचं तर दुसऱ्या घड्याळाला वेगळं नाव द्या, μ. आता 3 − 4λ = 7 + 4μ, −λ = 1 + μ, 3λ = −3 − 3μ. तिन्हीतून एकच गोष्ट निघते: λ = −1 − μ. म्हणजे μ कुठलाही घ्या, त्याच्या जोडीचा λ मिळतोच. क्लासवाले जिथे जिथे गेले तिथे तुमची मुलगी कधी ना कधी गेलेली आहे. रेषा एकच.

गंमत म्हणून उत्तरसूचीतली दिशा (−4, −1, 3) करून तुमच्याच पद्धतीने सोडवा. 3 − 4λ = 7 − 4λ, म्हणजे 3 = 7. काहीच उत्तर नाही! दोघे एकाच दिशेने, एकाच वेगाने, एकामागोमाग चालताहेत, भेटणार कसे? तेव्हा तुम्ही "रेषा समांतर आहेत" असा निकाल दिला असता.

मंजिरी_क
सर, साष्टांग दंडवत. घड्याळाचं लेकीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मी हेच म्हणत होते." तिने हे अजिबात म्हटलं नव्हतं, पण असो.

तिरपी_रेघ
एवढा घोळ घालण्यापेक्षा नॉर्मल रूपात का लिहीत नाही? अकरावीत शिकलो होतो की, x cos α + y sin α = p. मूळ बिंदूपासून रेषेवर लंब टाकायचा, त्याची लांबी p. त्यात λ नाही, μ नाही. 3डीमध्येही तसंच, n · r = p. मुळात x − y + z = 3 हेच रेषेचं समीकरण आहे, फक्त त्रिमितीतलं. उगाच प्रतल वगैरे.

पिक्सेलपंत
@तिरपी_रेघ, अर्धं बरोबर. कागदावर, म्हणजे x-y मध्ये, तुमचं सूत्र रेषेचंच. पण z आला की तेच सूत्र प्रतलाचं होतं. एक समीकरण म्हणजे एक बंधन, आणि एका बंधनाने एकच मोकळीक जाते. कागदावर दोन मोकळिकी होत्या, एक गेली, उरली रेषा. खोलीत तीन असतात, एक गेली तरी दोन उरतात, म्हणजे सपाट पत्रा. खोलीत रेषा हवी तर दोन समीकरणं लागणार. प्रश्नात दोन प्रतलं दिलीत ती त्यासाठीच.

तिरपी_रेघ
हम्म. मग त्रिमितीत रेषेला नॉर्मल नसतोच?

पिक्सेलपंत
उलट फार असतात. सायकलच्या चाकाच्या आसाला जसे सगळे आरे लंब, तसे. त्यातला एक निवडून चालत नाही म्हणून रेषेचं त्या अर्थाने नॉर्मल रूप नाही.

नॉर्मलच_बरी
शीर्षक वाचून वाटलं सासू-सुनेचा धागा असेल. "एकच रेषा, दोन समीकरणं" म्हणजे आमचंच घर.

सळई_सिमेंट
आमच्या धंद्यातलं सांगतो, थोडं अवांतर. गच्चीच्या उतारासाठी आम्ही ऑटो लेव्हल लावून कोपऱ्यांच्या पातळ्या घेतो. मागच्या महिन्यात एका सोसायटीची गच्ची, 6 मीटर बाय 4 मीटर. एक कोपरा 100 मिमी, तिथून 6 मीटरवरचा 40, दुसऱ्या बाजूला 4 मीटरवरचा 80. म्हणजे लांबीत मीटरला 10 मिमी उतार, रुंदीत मीटरला 5. समीकरण झालं 10x + 5y + z = 100. पाण्याचा पाइप चौथ्या कोपऱ्यात, (6, 4) वर. समीकरणाने तिथे 100 − 60 − 20 = 20 मिमी यायला हवं. लेव्हलची पट्टी धरली तर 55! म्हणजे पाइपाचं तोंड शेजारच्या 40 च्या कोपऱ्यापेक्षा वर. पाणी सगळं त्या कोपऱ्यात डबकं करून बसणार. कोबा करणारा म्हणे, "साहेब, तीन कोपरे तर बरोबर आहेत." अरे, तीन बिंदू नेहमीच एका प्रतलात असतात. परीक्षा चौथ्याची असते.

खडू_आणि_डस्टर
@सळई_सिमेंट, वा! हे वर्गात सांगायला हवं होतं. तीन बिंदूंपासून निघालं की प्राचल रूप सहज मिळतं: एक बिंदू, आणि त्यापासून निघणाऱ्या दोन दिशा. पण चौथा बिंदू त्यात आहे का हे विचारलं तर प्राचल रूप तीन समीकरणं सोडवायला लावतं. नॉर्मल रूपात आकडे टाकायचे, झालं. एक रूप बिंदू तयार करायला बरं, दुसरं बिंदू तपासायला. रूपांतर शिकायचं ते या सोयीसाठी.

पिक्सेलपंत
@सळई_सिमेंट, एक खोच. तुमच्या समीकरणात x, y मीटरमध्ये आणि z मिलिमीटरमध्ये आहे. चौथा कोपरा तपासायला चालतं. पण त्यातून नॉर्मल (10, 5, 1) काढलात तर तो जवळजवळ आडवा दिसेल, म्हणजे तुमची गच्ची भिंतीसारखी उभी! सगळं मीटरमध्ये आणा: 0.010x + 0.005y + z = 0.100. आता नॉर्मल (0.010, 0.005, 1), जवळजवळ सरळ वर. एका अक्षाचं माप बदललं की प्रतलातल्या दिशा त्याच पटीत ताणल्या जातात, नॉर्मल मात्र उलट्या पटीत बदलतो. गेम बनवताना एखादं मॉडेल एकाच दिशेने ताणलं की त्याच्यावरचा उजेड विचित्र पडतो, तो याचमुळे. नवीन पोरं बिंदूंना लावलेलाच गुणाकार नॉर्मललाही लावून मोकळी होतात.

सळई_सिमेंट
हे आमच्या साइटवर कोणी विचारत नाही, पण मान्य. आम्हाला उताराशी मतलब.

अबोली_१२वी
नमस्कार, मी मंजिरी_क यांची "लेक". आईच्या परवानगीने खातं उघडलंय. माझा खरा प्रॉब्लेम वेगळाच आहे. A(1, 0, 2), B(3, 1, 1), C(2, 3, 4) मधून जाणारं प्रतल काढायचं होतं. प्राचल रूप पटकन आलं: (1, 0, 2) + s(2, 1, −1) + t(1, 3, 2). मग क्रॉस प्रॉडक्ट घेतला, (5, 5, 5) आला, म्हणून x + y + z = 3. उत्तर x − y + z = 3 आहे. तीन वेळा केलं, तेच येतं.

रिकामटेकडा
आली, खरी नायिका आली!

चकोट
मधल्या पदाचं उणे चिन्ह खाल्लंस. j च्या पुढे वजा असतं.

खडू_आणि_डस्टर
बेटा, चूक चकोट म्हणतात तीच. मधलं पद: 2 × 2 − (−1) × 1 = 5, आणि त्याच्या पुढे वजा, म्हणजे −5. नॉर्मल (5, −5, 5), तो (1, −1, 1) म्हणून घेतला तरी चालतो, लांबीशी देणंघेणं नाही. A टाकलास की 1 − 0 + 2 = 3.

पण तीन वेळा केलंस आणि तीच चूक तीन वेळा झाली, कारण तू परत त्याच वाटेने गेलीस. तपासणी वेगळ्या वाटेने करायची. नॉर्मल आला की लगेच दोन्ही दिशांशी डॉट घे. (5, 5, 5) आणि (2, 1, −1): 10 + 5 − 5 = 10. शून्य नाही, म्हणजे तो लंबच नाही. वीस सेकंदांत पकडली असतीस. आणि A टाकून 3 मिळवलास, तो काही पुरावा नव्हे, उजवीकडचा 3 तू A वरूनच काढला होतास. B टाक: 3 + 1 + 1 = 5. तिथे फुटतं.

अबोली_१२वी
ओह! मी खरंच फक्त A टाकून बघितला होता 🙈

आता उलट. x − y + z = 3 वरून प्राचल रूप काढायला सांगितलं तर? मी y = s, z = t धरलं, मग x = 3 + s − t. म्हणजे (3, 0, 0) + s(1, 1, 0) + t(−1, 0, 1). पण हे वरच्या A, B, C वाल्यापेक्षा पूर्ण वेगळं दिसतंय. एकही आकडा जुळत नाही.

पिक्सेलपंत
जुळणारही नाही, गरज नाही. दोन्ही एकच पत्रा आहेत का हे बघायचं तर जुन्या दिशा नव्या दिशांतून बनतात का ते बघ. (1, 1, 0) मधून (−1, 0, 1) वजा कर: (2, 1, −1). आली AB. (1, 1, 0) च्या तिपटीत (−1, 0, 1) ची दुप्पट मिळव: (3 − 2, 3, 2) = (1, 3, 2). आली AC. मग एकच बिंदू तपासायचा उरतो: (3, 0, 0) प्रतलात आहेच. पण हे द्राविडी प्राणायाम आहेत. दोन्हींचा नॉर्मल काढ, सरळ जुळेल. नॉर्मल रूपाची हीच मजा, एका प्रतलाची प्राचल रूपं ढिगाने, नॉर्मल रूप एकच. पट सोडून.

तिरपी_रेघ
"पट सोडून" म्हणजे एकच कुठे झालं? 5x − 5y + 5z = 15 हेही तेच प्रतल. एकच हवं तर नॉर्मलची लांबी 1 करा. √3 ने भागा: (x − y + z)/√3 = √3. आता उजवीकडचा √3 म्हणजे मूळ बिंदूपासूनचं अंतर. हे मला चांगलं आठवतंय.

खडू_आणि_डस्टर
बरोबर, तिरपीराव. जर्मन गणिती ओटो हेसे याच्या नावाने ते रूप ओळखलं जातं. लंबाचा पायथा (1, −1, 1), त्याची मूळ बिंदूपासून लांबी √3. जुळलं.

तिरपी_रेघ
आणि p धन घ्यायचा, नाहीतर परत दोन रूपं होतात.

पिक्सेलपंत
याच्याशी मी सहमत नाही. पुस्तकात p धन ठीक आहे. कामात नॉर्मलची बाजू महत्त्वाची असते, बाहेर कुठलं आणि आत कुठलं. 3डी प्रिंटिंगच्या STL फाइलमध्ये प्रत्येक त्रिकोणाबरोबर नॉर्मल लिहिलेला असतो आणि शिरोबिंदूंचा क्रम उजव्या हाताच्या नियमाने लावलेला असतो. तिथे मी p धन करायला चिन्हं फिरवली तर वस्तू आतली बाहेर होईल. मूळ बिंदू कुठे आहे याच्याशी वस्तूला काय घेणं?

तिरपी_रेघ
प्रश्न बारावीचा आहे, प्रिंटरचा नाही.

पिक्सेलपंत
p = 0 असेल तर? प्रतल मूळ बिंदूतून गेलं की तुमचा नियम कुठली बाजू निवडणार?

तिरपी_रेघ
ते अपवाद.

नॉर्मलच_बरी
प्रत्येक धाग्यात हे दोघे भेटतात. λ एकच दिसतोय यांचा.

चकोट
😂😂 धागा वसूल.

पिक्सेलपंत
असो. अबोली, दोन्ही रूपं एकत्र लागतात त्याचं एक उदाहरण देतो. गेममध्ये गोळी किंवा उजेडाचा किरण भिंतीवर कुठे आपटला हे काढायचं. किरण प्राचल रूपात, भिंत नॉर्मल रूपात. किरणाचं x, y, z भिंतीच्या समीकरणात टाकायचं की एकच अज्ञात उरतो:

```
nv = dot(n, v)
if abs(nv) < 1e-9: return None
t = (d - dot(n, o)) / nv
```

n म्हणजे भिंतीचा नॉर्मल, d तिच्या समीकरणातला उजवीकडचा आकडा, o म्हणजे किरण सुटला तो बिंदू, v त्याची दिशा. तुझ्या x − y + z = 3 वर मूळ बिंदूपासून (1, 0, 0) दिशेने सोड: nv = 1, t = 3, आपटला (3, 0, 0) वर. (1, 1, 0) दिशेने सोड: nv = 0. तो भिंतीला समांतर, कधीच आपटणार नाही. t ऋण आला तर भिंत पाठीमागे आहे. आणि तो 1e-9 चा उंबरठा n आणि v दोन्हींची लांबी 1 असेल तरच नीट काम करतो, नाहीतर त्याला काही अर्थ नाही. यावर मी एक अख्खी रात्र घालवलेली आहे.

अबोली_१२वी
थँक यू! अजून एक. छेदरेषेवरचा बिंदू काढायला सर z = 0 ठेवायला सांगतात. x − y + z = 3 आणि x − y − z = 1 ला मी z = 0 ठेवलं तर x − y = 3 आणि x − y = 1. मी "प्रतलं छेदत नाहीत" लिहिलं, शून्य मार्क मिळाले.

खडू_आणि_डस्टर
बेटा, "z = 0 ठेवा" यात लपलेलं गृहीतक असं की रेषा z = 0 या जमिनीला कुठेतरी टेकते. ही रेषा टेकत नाही. वजाबाकी कर: 2z = 2, म्हणजे z = 1. रेषा जमिनीपासून कायम एक उंचीवर, तरंगत जाते. आधी दिशा काढलीस तर सूचना मिळते: (1, −1, 1) आणि (1, −1, −1) चा क्रॉस (2, 2, 0). z चा घटक शून्य दिसला की z ला हात लावायचा नाही, x किंवा y शून्य ठेवायचं. y = 0 ठेव: x = 2, z = 1. रेषा (2, 0, 1) + λ(1, 1, 0). प्रतलं खरोखर समांतर आहेत का हे नॉर्मलवरून ठरव. नॉर्मल एकमेकांच्या पटीत नसतील तर छेदणारच.

म्हणून मी मुलांना आधी दिशा, मग बिंदू असा क्रम लावायचो.

चकोट
सर, मी उलट शिकलो. सरळ दोन समीकरणं सोडवायची, एक चल मोकळा ठेवायचा, बिंदू आणि दिशा दोन्ही एकदम पडतात. क्रॉस प्रॉडक्टची चिन्हंच चुकत नाहीत मग.

खडू_आणि_डस्टर
तेही चालतं. मोकळा कुठला ठेवायचा हे मात्र तिथेही बघावं लागतं.

मंजिरी_क
माझ्या धाग्यात माझी लेकच सगळे प्रतिसाद घेऊन गेली. चालू द्या. सर, मला एक सांगा. मूळ प्रश्नातल्या रेषेवरून परत दोन प्रतलं काढायची म्हटली तर मूळचीच दोन मिळतील का? मी करून बघितलं: x = 3 − 4λ, y = −λ, z = 3λ. y वरून λ = −y. मग x − 4y = 3 आणि z + 3y = 0. ही तर दिलेली प्रतलं नाहीत. परत चुकलं का माझं?

खडू_आणि_डस्टर
नाही चुकलं, ताई. उघड्या पुस्तकाची पानं बघा. सगळी एकाच कण्यातून निघतात. कणा म्हणजे तुमची रेषा, आणि कुठलीही दोन पानं धरली तरी कणा तोच. प्रश्नात दोन पानं दिली होती, तुम्ही वेगळी दोन उघडलीत. त्यांच्यातून जुनी मिळतात: तुमची दोन्ही समीकरणं मिळवा, x − y + z = 3. पहिलं पान आलं. दुसऱ्यासाठी पहिल्याची दुप्पट आणि दुसऱ्याची तिप्पट मिळवा.

मंजिरी_क
2x − 8y + 3z + 9y = 6, म्हणजे 2x + y + 3z = 6. आलं! अबोली, जेवायला ये, अबोला संपला.

अबोली_१२वी
आई, तू आधी λ वाली चूक मान्य कर.